मराठी विधिवाक्यांच्या इंग्रजी अनुवादातील पुनर्रचना

कायदे, करारपत्रे, खरेदीखते, फिर्यादी, जबाब आणि निकालपत्रे यांतील दीर्घ मराठी वाक्ये इंग्रजीत आणताना त्यांतील घटकांचा क्रम, आणि पुष्कळदा वाक्यांची संख्याही, बदलावी लागते. या प्रक्रियेला विधिवाक्यांची पुनर्रचना म्हणता येईल. तिचे मूळ कारण व्याकरणिक आहे. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते, तर इंग्रजीत ते कर्त्यानंतर लगेच येते. छोट्या वाक्यात हा फरक किरकोळ वाटतो. मात्र अटी, अपवाद, मुदती व विशेषणे यांनी भरलेल्या, शंभर-सव्वाशे शब्दांच्या वाक्यात क्रियापद पुढे आणले की त्याच्या आधी असलेल्या प्रत्येक घटकाला नवी जागा शोधावी लागते. ती जागा चुकल्यास करारातील अट भलत्याच गोष्टीला लागू होऊ शकते.

## भाषिक पार्श्वभूमी

जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शब्दक्रमविषयक अभ्यासात असे दाखविले की, वाक्यातील क्रियापदाचे स्थान आणि त्या भाषेतील इतर रचना यांचा परस्परसंबंध असतो. क्रियापदान्त भाषांत शब्दयोगी अव्यये बहुधा नामानंतर येतात आणि षष्ठीचे पद नामाआधी येते. मराठी या वर्गात चपखल बसते. ‘टेबलावर’, ‘करारानुसार’, ‘वादीच्या वडिलांची जमीन’ या सर्व रचनांत मुख्य घटक शेवटी आहे. इंग्रजीत याच्या उलट घडते. म्हणून अनुवादकाला केवळ क्रियापद हलवून भागत नाही, तर वाक्याच्या आतील लहान-लहान पदबंधही उलटावे लागतात.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण वारसाहक्काच्या दाव्यांत मिळते. ‘वादीच्या मयत वडिलांच्या सख्ख्या भावाच्या दत्तक मुलाच्या नावे असलेली जमीन’ हा पदबंध इंग्रजीत जमिनीपासून सुरू होतो आणि वादीपाशी संपतो, म्हणजे आरशातील प्रतिमेसारखा उलटतो. येथे ‘मयत’ हे विशेषण मराठीत ‘वडिलांच्या’ या शब्दाला चिकटून आले आहे, त्यामुळे निधन कोणाचे झाले याविषयी शंका राहत नाही. इंग्रजीत मात्र ‘हू इज डिसीज्ड’ असे उपवाक्य साखळीच्या शेवटी जोडले, तर मृत व्यक्ती वादी की वादीचे वडील, हे वाचकाने ठरवायचे राहते. विशेषण ‘फादर’ या शब्दाच्या आधीच ठेवणे, म्हणजे ‘द प्लेंटिफ्स डिसीज्ड फादर’ असे लिहिणे, हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

## अनुवादाचे कायदेशीर स्थान

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा आहे आणि जिल्हा व तालुका न्यायालयांतील कामकाज मोठ्या प्रमाणावर मराठीत चालते. उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय यांची भाषा मात्र भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार मुख्यतः इंग्रजी आहे. त्यामुळे दावा अपिलात गेला की मराठी दस्तऐवजांचा इंग्रजी अनुवाद करावा लागतो. सर्वोच्च न्यायालय नियम, २०१३ प्रमाणे इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील दस्तऐवज वापरावयाचा असल्यास त्यासोबत उभय पक्षांना मान्य असलेला, अथवा न्यायालयाने नेमलेल्या वा मान्य केलेल्या अनुवादकाचा अनुवाद जोडावा लागतो.

कायद्यांच्या बाबतीत अनुवादाचे वजन आणखी मोठे आहे. अनुच्छेद ३४८ च्या खंड (३) नुसार, राज्य विधानमंडळाने इंग्रजीखेरीज अन्य भाषेत केलेल्या अधिनियमाचा जो इंग्रजी अनुवाद राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध होतो, तो त्या अधिनियमाचा इंग्रजीतील प्राधिकृत पाठ मानला जातो. म्हणजे येथे अनुवाद हे केवळ समजून घेण्याचे साधन नाही. अर्थ लावण्यासाठी न्यायालयापुढे तोच मजकूर ठेवला जातो.

संज्ञांपुरते काम पुष्कळ झाले आहे. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने न्यायव्यवहारासह अनेक विषयांचे परिभाषाकोश तयार केले. ‘निष्कासन’, ‘हस्तांतरण’, ‘प्रतिज्ञापत्र’ यांचे प्रतिशब्द कोशात सापडतात. वाक्य कोठून फोडावे आणि अट कोठे ठेवावी, हे मात्र कोणताही शब्दकोश सांगत नाही, आणि अनुवादातील घातक चुका बहुतांशी तेथेच होतात.

## शेवटच्या शब्दावर ठरणारे कर्तव्य

पुढील अपुरे वाक्य पाहावे. ‘लिहून देणार यांनी विसाराची पाच लाख रुपयांची रक्कम, हा करार रद्द झाल्याच्या तारखेपासून साठ दिवसांच्या आत, लिहून घेणार यांना परत…’ येथपर्यंत वाचूनही वाक्य कशाविषयी आहे हे सांगता येत नाही. ते ‘केली आहे’ असे संपले तर ती घडलेल्या गोष्टीची नोंद होते. ‘करावयाची आहे’ असे संपले तर ते बंधन होते. ‘करण्याचे मान्य व कबूल केले आहे’ असे संपले तर पूर्वी दिलेल्या वचनाचा उल्लेख होतो. मराठीतील ‘यांनी’ ही तृतीया भूतकाळी कर्त्याला लागते आणि कर्तव्य सांगणाऱ्या रचनेतही लागते, त्यामुळे वाक्याच्या आरंभी दिलेला कर्ता या बाबतीत काहीच उघड करत नाही.

इंग्रजीत हा निर्णय दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच द्यावा लागतो, कारण ‘द व्हेंडर’ नंतर ‘हॅज रिफंडेड’, ‘शॅल रिफंड’ किंवा ‘हॅज अग्रीड टू रिफंड’ यांपैकी एक लिहिल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. लेखी अनुवादकाला वाक्य शेवटपर्यंत वाचून परत येण्याची सोय असते. साक्षीदाराचे बोलणे तिथल्या तिथे इंग्रजीत सांगणाऱ्या दुभाष्याला ती नसते. त्याला एक तर क्रियापद येईपर्यंत सगळा मजकूर लक्षात धरून थांबावे लागते, नाही तर अंदाज बांधून बोलावे लागते.

अधिनियमांच्या भाषेत हाच प्रश्न विभक्तीच्या बदलासह येतो. ‘जिल्हाधिकारी परवानगी देईल’ या वाक्यात कर्तव्य आहे, तर ‘जिल्हाधिकाऱ्यास परवानगी देता येईल’ यात स्वेच्छाधिकार आहे. दुसऱ्या वाक्यातील चतुर्थीचा ‘जिल्हाधिकाऱ्यास’ इंग्रजीत सरळ कर्ता होतो आणि ‘येईल’ चे ‘मे’ होते. दीर्घ कलमात जिल्हाधिकारी पहिल्या ओळीत आणि ‘येईल’ नवव्या ओळीत असतो. घाईने वाचणारा अनुवादक मध्येच आलेल्या दुसऱ्या एखाद्या ‘देईल’ वरून ‘शॅल’ लिहून बसतो, आणि अधिकाऱ्याच्या ऐच्छिक अधिकाराचे सक्तीच्या कर्तव्यात रूपांतर होते.

## एका कलमाचे विवरण

ही प्रक्रिया प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासाठी साठेखतांत आढळते तशा धर्तीवर नमुन्यादाखल रचलेले एक कलम येथे घेतले आहे.

‘लिहून देणार यांनी सदर मिळकतीसंबंधी अगर तिच्या कोणत्याही भागासंबंधी, लिहून घेणार यांची लेखी पूर्वसंमती घेतल्याखेरीज, या कराराच्या तारखेपासून अंतिम खरेदीखताची नोंदणी होईपर्यंतच्या मुदतीत, अन्य कोणत्याही इसमाशी विक्रीचा, गहाणाचा अगर भाडेपट्ट्याचा तोंडी अगर लेखी करार करावयाचा नाही, आणि तसा करार केल्यास तो लिहून घेणार यांचेवर बंधनकारक राहणार नाही व त्यामुळे लिहून घेणार यांचे होणारे नुकसान लिहून देणार यांनी, मागणीची लेखी नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत, लिहून घेणार यांना भरून द्यावयाचे आहे.’

पहिले काम म्हणजे वाक्यातील मुख्य क्रियापदे शोधणे. ती तीन आहेत: ‘करावयाचा नाही’, ‘राहणार नाही’ आणि ‘भरून द्यावयाचे आहे’. पहिले मनाई करते, दुसरे त्या मनाईच्या भंगाचा परिणाम सांगते आणि तिसरे भरपाईचे दायित्व लादते. ‘घेतल्याखेरीज’, ‘होईपर्यंतच्या’, ‘केल्यास’, ‘होणारे’, ‘मिळाल्यापासून’ ही सर्व क्रियारूपे गौण आहेत. त्यांतील कोणत्याही रूपाला इंग्रजीत मुख्य क्रियापदाचा दर्जा मिळता कामा नये.

त्यानंतर प्रत्येक मुख्य क्रियापदाभोवतीचे घटक वेगळे करावे लागतात. पहिल्या क्रियापदाभोवती सहा घटक आहेत: कर्ता, मिळकत, संमतीचा अपवाद, मुदत, त्रयस्थ व्यक्ती आणि करार. मराठीत हे सर्व क्रियापदाच्या डाव्या बाजूला एकापुढे एक उभे आहेत आणि प्रत्येकाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय असल्यामुळे कोणाचे नाते कोणाशी याचा गोंधळ होत नाही. इंग्रजीत ‘द व्हेंडर शॅल नॉट एंटर इन्टू’ एवढे लिहिताच उरलेले पाच घटक क्रियापदाच्या उजव्या बाजूला जाऊन पडतात. तेथे जवळचा घटक जवळच्याच शब्दाला चिकटतो. सगळे मराठी क्रमाच्या उलट्या क्रमाने ओतले तर ‘भाडेपट्टा’ हा शब्द आणि ‘खरेदीखताची नोंदणी होईपर्यंत’ ही मुदत शेजारी-शेजारी येण्याचा संभव असतो. मग नोंदणीपर्यंत चालू राहणाऱ्या भाडेपट्ट्यालाच तेवढी मनाई आहे, असा अर्थ निघू शकतो आणि अकरा महिन्यांचा किंवा नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा मनाईतून सुटतो.

म्हणून अनुभवी अनुवादक सर्व पाच घटक उजवीकडे टाकत नाहीत. ते इंग्रजी वाक्यातील तीन ठिकाणी वाटून देतात. मुदत वाक्याच्या आरंभी जाते. संमतीचा अपवाद ‘शॅल नॉट’ आणि क्रियापद यांच्या मध्ये, दोन स्वल्पविरामांत बसतो. बाकीचे तीन घटक क्रियापदानंतर येतात. पहिल्या भागाचे इंग्रजी रूप असे होते:

‘फ्रॉम द डेट ऑफ दिस अ‍ॅग्रीमेंट अन्टिल द रजिस्ट्रेशन ऑफ द फायनल सेल डीड, द व्हेंडर शॅल नॉट, विदाउट द प्रायर रिटन कन्सेंट ऑफ द पर्चेसर, एंटर इन्टू एनी ओरल ऑर रिटन अ‍ॅग्रीमेंट विथ एनी अदर पर्सन फॉर द सेल, मॉर्गेज ऑर लीज ऑफ द प्रॉपर्टी ऑर एनी पार्ट देअरऑफ.’

सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये अट घालण्याची ही लकब बोली इंग्रजीत अवघडल्यासारखी वाटते. कायद्याच्या इंग्रजीत ती जुनी व मान्य आहे, आणि मराठीतून येणाऱ्या वाक्यांना तिचा विशेष उपयोग होतो. कारण तेथे ठेवलेली अट निःसंदिग्धपणे संपूर्ण क्रियेला लागू पडते. ‘विक्री’, ‘गहाण’ किंवा ‘भाडेपट्टा’ यांपैकी एकट्या शब्दाला ती चिकटू शकत नाही.

खरी कसोटी दुसऱ्या भागात लागते. ‘तसा करार केल्यास’ यातील ‘तसा’ हा शब्द मागे आलेल्या संपूर्ण निषिद्ध कृतीकडे, म्हणजे संमती न घेता केलेल्या कराराकडे बोट दाखवितो. मराठीत अपवाद व मनाई एकाच क्रियापदाखाली बांधलेली असल्यामुळे वाचक हे सहज जाणतो. इंग्रजीत वाक्य तेथे तोडून ‘एनी सच अ‍ॅग्रीमेंट शॅल नॉट बाइंड द पर्चेसर’ असे नवे वाक्य सुरू केले की ‘सच’ हा शब्द लगतच्या ‘एनी ओरल ऑर रिटन अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दांकडे वळू शकतो. समजा, खरेदीदाराने स्वतः लेखी संमती दिल्यावर मालकाने मिळकतीतील गोदाम एका व्यापाऱ्यास भाड्याने दिले. मराठी कलमानुसार त्या भाडेपट्ट्याला या कलमाची बाधा होत नाही. सैल इंग्रजी अनुवाद हाती घेऊन मात्र खरेदीदाराचा वकील तो भाडेपट्टा आपल्या अशिलावर बंधनकारक नाही असे म्हणू शकतो. त्यामुळे येथे ‘एनी अ‍ॅग्रीमेंट मेड इन ब्रीच ऑफ दिस क्लॉज’ अशी शब्दयोजना करावी लागते. मूळ मराठीत ‘भंग’ हा शब्द नाही हे खरे, परंतु वाक्य फोडल्यामुळे तुटलेला दुवा पुन्हा जोडण्यासाठी तो आवश्यक ठरतो.

तिसऱ्या भागातही तुटलेला दुवा आहेच. ‘तसा करार केल्यास’ ही अट मराठीत ‘व’ ने जोडलेल्या दोन्ही क्रियापदांवर चालते. स्वतंत्र इंग्रजी वाक्यात ती आपोआप पुढे येत नाही, म्हणून नुकसानीच्या वाक्यात ‘एनी लॉस कॉज्ड बाय सच ब्रीच’ असे म्हणून तिची पुन्हा आठवण द्यावी लागते. याउलट ‘मागणीची लेखी नोटीस मिळाल्यापासून’ या पदबंधात नोटीस कोणास मिळाल्यापासून हे सांगितलेले नाही. मराठीला त्याचा उल्लेख न करता चालते. येथे संदर्भावरून ती विकणाऱ्यास मिळावयाची हे उघड आहे. तथापि, ज्या दस्तात ते उघड नसेल तेथे अनुवादकाने आपल्या मनाने नाव घालू नये. ‘विदिन थर्टी डेज ऑफ रिसीट ऑफ अ रिटन नोटीस’ अशी नामरूप रचना वापरली की मूळचे मौन इंग्रजीतही जसेच्या तसे राहते.

## नकाराची व्याप्ती

मराठीतील ‘नाही’ क्रियापदाला जोडून वाक्याच्या अखेरीस येते, तर इंग्रजीतील नकार वाक्याच्या पूर्वार्धात येतो आणि अनेकदा कर्त्यातच सामावतो. ‘कोणत्याही व्यक्तीस परवान्याखेरीज असा व्यवसाय करता येणार नाही’ याचे सहज इंग्रजी ‘नो पर्सन शॅल’ असे सुरू होते. नकार मराठीत शेवटी आणि इंग्रजीत पहिल्या शब्दात, असा हा टोकाचा प्रवास आहे.

हा प्रवास ‘सर्व’ या शब्दाजवळून होतो तेव्हा विशेष सावधगिरी लागते. ‘सर्व वारसांना सदर मिळकत विकता येणार नाही’ या मराठी वाक्यातून एकाही वारसास विकता येणार नाही असा अर्थ निघतो, आणि काहींना येईल पण सर्वांना नाही असाही निघू शकतो. ‘ऑल द एअर्स शॅल नॉट’ असे शब्दशः लिहिल्यास संदिग्धता कायम राहते, शिवाय इंग्रजी वाचकाला वाक्य खटकते. ‘नन ऑफ द एअर्स’ किंवा ‘नॉट ऑल द एअर्स’ यांपैकी एक निवडायचे तर अनुवादकाला दस्तातील इतर कलमे वाचून आधार शोधावा लागतो. आधार न सापडल्यास संदिग्धता तशीच ठेवून अनुवादाच्या टिपेत तिचा निर्देश करणे अधिक प्रामाणिक होय. मालमत्तेचा वाद ज्या शब्दावरून चालू आहे, तो शब्द अनुवादकाने गुपचूप निकालात काढणे योग्य नाही.

## लिंग व वचन यांनी सांधलेले दुवे

मराठी वाक्याला दीर्घ अंतर झेपण्याचे एक कारण म्हणजे लिंग व वचन यांचा मेळ. वरील कलमात ‘करावयाचा’ हे पुल्लिंगी रूप ‘करार’ या शब्दाशी आणि ‘द्यावयाचे’ हे नपुंसकलिंगी रूप ‘नुकसान’ या शब्दाशी जुळते. मध्ये दहा शब्द आले तरी दुवा तुटत नाही. इंग्रजी क्रियापदात लिंगभेद नसल्यामुळे तेथे हे काम केवळ सान्निध्याने साधावे लागते.

‘शेतातील विहीर व गोठा, जी लिहून देणार यांनी १९९८ साली बांधली’ या रचनेत ‘जी’ व ‘बांधली’ ही स्त्रीलिंगी एकवचनी रूपे म्हणून घेतल्यास उपवाक्य एकट्या विहिरीविषयी ठरते. गोठा कोणी व कधी बांधला याविषयी ते काहीही सांगत नाही. त्याच क्रमाने इंग्रजीत ‘द वेल अँड द कॅटल शेड व्हिच द व्हेंडर बिल्ट’ असे लिहिले तर उपवाक्य गोठ्याला किंवा दोहोंना लागते. गोठ्याच्या मालकीविषयी भावाभावांत वाद असेल तर ही एका उपवाक्याची जागा एका पक्षाला नवा पुरावा मिळवून देते. उपवाक्य ‘द वेल’ च्या लगेच मागे आणून ‘अँड द कॅटल शेड’ नंतर ठेवणे, एवढीच येथील पुनर्रचना आहे.

## फिर्यादीतील ‘ऊन’-साखळी

पोलीस ठाण्यातील फिर्यादींचा एक ठरलेला साचा असतो. ‘आरोपींनी आपसात संगनमत करून, गैरकायद्याची मंडळी जमवून, फिर्यादीस लाकडी दांडक्याने मारहाण करून, शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली’ अशा धर्तीच्या वाक्यात एकच मुख्य क्रियापद आहे, ‘धमकी दिली’. बाकीच्या सर्व कृती पूर्वकालवाचक ‘ऊन’ रूपांत आल्या आहेत.

वर करारपत्राच्या बाबतीत गौण क्रियारूपांना मुख्य क्रियापदाचा दर्जा देऊ नये असे म्हटले आहे. फिर्यादीत नेमके उलट करावे लागते. मराठीत ‘ऊन’ रूप हे कृतींची माळ ओवण्याचे साधन आहे. त्यात आलेली कृती महत्त्वाने कमी असते असे नाही. इंग्रजीत ‘हॅविंग असॉल्टेड द कम्प्लेनंट’ अशी रचना केली तर मारहाण पार्श्वभूमीला जाते आणि धमकी हीच मुख्य घटना भासते. वास्तविक या वाक्यातील जवळजवळ प्रत्येक कृती हा वेगळा अपराध असू शकतो. म्हणून साखळी मोडून ‘कन्स्पायर्ड’, ‘फॉर्म्ड’, ‘असॉल्टेड’, ‘अब्यूज्ड’, ‘थ्रेटन्ड’ अशी समान दर्जाची क्रियापदे एका कर्त्याखाली मांडणे इष्ट ठरते.

मात्र दोन गोष्टी टाळाव्या लागतात. ‘देन’ किंवा ‘देअरआफ्टर’ असे कालक्रम दाखविणारे शब्द मध्ये घालू नयेत. शिवीगाळ मारहाणीनंतर झाली की तिच्याबरोबरच, हे ‘करून’ या रूपावरून निश्चित होत नाही. साक्षीपुराव्यात हाच क्रम उलटतपासणीचा विषय होऊ शकतो. दुसरे असे की, आरोपी अनेक असताना साखळी फोडून प्रत्येक कृतीसाठी नवे वाक्य केल्यास प्रत्येक वाक्याला कर्ता द्यावा लागतो. तेथे ‘ईच ऑफ द अक्यूज्ड’ असे लिहिले की फिर्यादीने न केलेला आरोप अनुवादकाने केल्यासारखा होतो. मुळात ‘आरोपींनी’ एवढेच असेल तर इंग्रजीतही ‘द अक्यूज्ड’ एवढेच राहावे.

## क्रम कायम राहणारे भाग

सर्वच मराठी विधिवाक्य उलटावे लागते असे नाही. ‘काहीही अंतर्भूत असले तरी’, ‘च्या अधीन राहून’, ‘जर… तर’, ‘ज्याअर्थी… त्याअर्थी’ यांनी सुरू होणारे भाग मराठीत आरंभी असतात आणि इंग्रजीतही आरंभीच शोभतात, फक्त त्यांच्या आतील शब्दक्रम बदलतो. इंग्लंडमधील विधितज्ज्ञ जॉर्ज कूड यांनी १८४० च्या दशकात कायद्याचे वाक्य कसे असावे याविषयी लिहिताना प्रथम प्रसंग, मग अट, त्यानंतर कर्ता आणि शेवटी त्याची कृती असा क्रम सुचविला होता. हा क्रम मराठीच्या स्वाभाविक क्रमाशी आश्चर्यकारक रीतीने जुळतो. तसेच ‘परंतु असे की’ ने सुरू होणारे परंतुक मूळ कलमानंतरच येत असल्याने ते सहसा जागेवरच राहते.

जबाबाच्या आरंभीच्या ‘विचारल्यावरून जबाब लिहून देतो की’ या साच्यात मुख्य क्रियापद आधी व आशय नंतर येतो, म्हणून तो इंग्रजीत विनासायास उतरतो. शिवाय आजची कित्येक मराठी करारपत्रे मुळात इंग्रजी मसुद्यावरून बेतलेली असतात. त्यांतील ‘जी व्यक्ती… ती व्यक्ती’ अशा जोडरचनेखाली इंग्रजी सांगाडा दिसून येतो आणि अनुवाद म्हणजे जणू माघारी नेणेच ठरते. जुन्या वळणाच्या, बाँडरायटरने लिहिलेल्या खरेदीखतांत अशी सवलत नसते. तेथे ‘लिहून घेणार’ आधी आणि ‘लिहून देणार’ नंतर येतो, तर इंग्रजी दस्तात विकणारा पक्ष आधी येण्याची प्रथा आहे. प्रथा पाळण्यासाठी हा क्रम मात्र उलटू नये, कारण पुढे ‘पहिला पक्ष’ व ‘दुसरा पक्ष’ असे उल्लेख आल्यास दोघांची अदलाबदल होऊ शकते.

## तपासणी

पुनर्रचित अनुवाद सरळ वाचून तपासणे पुरेसे होत नाही, कारण चुकीच्या जागी बसलेली अटही इंग्रजीत सुबक वाटू शकते. व्यवहारात उपयोगी पडणारी पद्धत अशी की, मूळ वाक्यातील मुख्य क्रियापदे व नकार मोजून घ्यावेत आणि अनुवादातील ‘शॅल’, ‘मे’, ‘शॅल नॉट’ यांच्याशी त्यांचा हिशेब जुळवावा. वरील साठेखताच्या कलमात तीन क्रियापदे व दोन नकार आहेत. अनुवादात तीन वाक्ये झाली असतील तर प्रत्येकात एकच ‘शॅल’ आणि पहिल्या दोहोंतच ‘नॉट’ असले पाहिजे. ‘घेतल्याखेरीज’ मधील नकार वेगळा मोजावा, तो ‘विदाउट’ मध्ये सापडतो.

त्यानंतर प्रत्येक अट, मुदत व विशेषण यांना ‘हे कशाचे?’ असा प्रश्न मूळ मराठीत आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे विचारावा. दोन उत्तरे वेगळी आली, किंवा इंग्रजीत दोन उत्तरे संभवली, तर त्या घटकाची जागा बदलावी लागते. हे काम अनुवाद करणाऱ्यापेक्षा मूळ मजकूर न वाचलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून इंग्रजीपुरते करून घेतलेले बरे. ज्याने मराठी वाक्य वाचले आहे त्याला योग्य अर्थ आधीच ठाऊक असतो, त्यामुळे इंग्रजीतील दुसरा अर्थ त्याच्या नजरेस पडत नाही.